चहा, सिगारेट, नव्वद: कामाच्या दिवसाची नोंद कशी ठेवावी

खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाइल नको, नोंद करायला उघडलात की व्हॉट्सॲपमध्ये शिराल. सुट्टीचा दिवस धरून सात दिवस लिहा, आणि तोवर काहीही कमी करू नका. "आजपासून बंद" असं सांगणाऱ्यांचं ऐकलंत, तर चहा, सिगारेट आणि रात्रीची नव्वद मिली दारू नेमकी कशामुळे लागते, जे बघायचं तेच दिसणार नाही.

दर वेळी तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, काय घेतलं आणि आधीच्या दहा मिनिटांत काय घडलं.

तिसऱ्या रकान्यात सगळे अडकतात, मीही बरेच दिवस अडकलो होतो. "टेन्शन" लिहून मोकळं व्हायचं नाही. कोण आलं, कुणाचा फोन आला, कोणता कागद समोर होता, ते लिहा. काहीच घडलं नसेल तर "काही नाही" लिहा; या दोन शब्दांना सगळ्यात जास्त किंमत आहे. आणि काडी ओढायच्या आधी लिहा. दोन झुरके मारले की मन छान कारण शोधून देतं.

लातूरच्या आडत बाजारात हिशेब बघणाऱ्या मित्राचं सोयाबीनच्या हंगामातलं एक पान बघा. सव्वाअकरा, हाफ चहा, सौदा निघायची वाट. पावणेदोन, सिगारेट, मालाच्या ओलाव्यावरून वाद. पावणेचार, सिगारेट, काही नाही. सहा, सिगारेट, काही नाही. सव्वासात, चहा, पट्ट्यांचा हिशेब जुळेना. साडेदहा, नव्वद, झोप येईना.

तो म्हणायचा, शेतकरी डोकं खातात म्हणून सिगारेट लागते. वादानंतरची एकच होती. बाकीच्या साधारण दोन-दोन तासांनी. रक्तातलं निकोटिन जवळपास तेवढ्याच वेळात निम्म्यावर येतं, चिडचिड सुरू होते आणि आपण ती कामाच्या खात्यावर टाकतो.

रात्रीची नव्वदही बाजारामुळे नव्हती. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. सव्वासातचा चहा साडेदहाला अंगात होताच. त्यावर दारू घेतली की डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. सकाळी डोकं जड, मग पुन्हा चहा.

म्हणून आठव्या दिवशी एकच कडी बदला. त्याने संध्याकाळचा चहा चारला आणला, बाकी सगळं तसंच ठेवलं, आणि पुढचा आठवडा पुन्हा लिहिला. तिन्ही एकदम सोडायला जाऊ नका, कशाने काय झालं तेच कळत नाही.

दारूच्या बाबतीत मात्र माझं ऐकू नका, जर वहीत सकाळचा घोट दिसत असेल किंवा प्यायल्याशिवाय हात थरथरत असतील, घाम फुटत असेल. अशी दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. वही घेऊन आधी डॉक्टरकडे जा. जायला संकोच वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला, तिथे मराठीतही बोलता येतं.