संत्रा बर्फीची केस आणि पोर्टरची पाच बळं: पेपरला बसण्याआधीची तयारी

समजा व्यवस्थापनाच्या पेपरात केस अशी आली: नागपूरच्या सीताबर्डीतला एक मिठाईवाला संत्रा बर्फीचा बंद डबा काढतोय, त्याने कुठे आणि काय भावाने विकावा? मायकल पोर्टरने १९७९ साली मांडलेली पाच बळं, म्हणजे उद्योगातल्या नफ्यावर दाब टाकणारे पुरवठादार, ग्राहक, नव्यांचा शिरकाव, पर्यायी वस्तू आणि आपापसातली स्पर्धा, पाठ असतातच, पण लिहायला लागण्याआधी उद्योगाची हद्द एका वाक्यात आखून घ्या. ‘बंद डब्यातली मिठाई’ म्हटलंत तर काजूकतली ही थेट स्पर्धक ठरते; ‘नागपूरहून न्यायची संत्रा बर्फी’ म्हटलंत तर तीच काजूकतली पर्यायी वस्तू होते. इथे घोळ झाला की पुढची पानं एकमेकांशी भांडतात. मी दुसरी हद्द धरतो, म्हणजे ताज्या संत्र्यांची पेटी आणि सावजी मसाल्याचं पाकीटही पर्यायात येतं, कारण घरचे विचारतात ते एवढंच: नागपूरहून काय आणलं?

मग पुरवठादार. इथे नुसतं ‘कमी’ लिहून पुढे जाऊ नका. काटोल-नरखेडचे बागायतदार असंख्य, माल कळमन्याच्या बाजारात येतो, एकटा माणूस भाव ठरवू शकत नाही. पण संत्र्याचे दोन हंगाम, आंबिया बहार हिवाळ्यात आणि मृग बहार त्यामागून, संपले की भर उन्हाळ्यात ताजं फळ जवळजवळ नसतं, आणि ज्याच्याकडे साठवलेला गर आहे त्याचा शब्द चालतो. खव्याचंही तसंच: एरवी कुठेही मिळतो, दिवाळीत सगळ्यांना एकाच आठवड्यात हवा असतो. म्हणून बळाबरोबर महिना लिहा.

ग्राहक दोन वेगळे करा. रेल्वे स्टेशनवर गाडी सुटायच्या आत डबा उचलणारा प्रवासी घासाघीस करत नाही. सुपरमार्केटचा खरेदीदार मात्र उधारी मागतो, सवलत मागतो आणि न खपलेला माल परत पाठवतो. दोघांची सरासरी काढून ‘मध्यम’ लिहिलंत तर उत्तर तिथेच मेलं.

नव्यांचा शिरकाव थोडक्यात आटोपा: कढई कुणीही चढवेल, स्टेशनवरची जागा मिळणं कठीण. आपापसातल्या स्पर्धेत दुकानांची नावं मोजण्यापेक्षा बर्फी टिकत नाही हे लिहा, कारण मुदत जवळ आली की प्रत्येक जण भाव पाडतो. सरकारी नियमांना सहावं बळ करू नका. अन्न परवान्याचा खर्च शिरकावाच्या अडथळ्यात बसतो.

शेवटची दहा मिनिटं निर्णयासाठी राखा, आणि प्रत्येक वाक्य कुठल्या बळातून आलं ते दाखवा. प्रवासी घासाघीस करत नाही, म्हणून स्टेशनवर भेटीचा डबा, भाव न पाडता. उन्हाळ्यात पुरवठादार वरचढ, म्हणून हंगामातच गर काढून गोठवून ठेवायचा. सुपरमार्केट पहिल्या वर्षी नको, परत आलेला माल या छोट्या दुकानाला झेपणार नाही. लिहून झाल्यावर ‘संत्रा बर्फी’च्या जागी ‘साबण’ घालून वाचा. जे वाक्य तरीही जसंच्या तसं बसतं, ते खोडा.