डेट फंडाची जोखीम मराठीत लिहिताना या चुका टाळा

डेट फंडाच्या माहितीपत्रकातली जोखमीची पानं मराठीत आणायचं काम आलं की बहुतेक जण जुनी फाईल उघडतात आणि नावं, आकडे बदलतात. त्या फाईलमधल्या चुकाही तशाच पुढे जातात. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मजकुरांत त्याच त्याच दिसतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पैसे काढण्यावरच्या निर्बंधाच्या कलमात. सेबीने २०१६ मध्ये घातलेला नियम असा: बाजारात मोठं संकट आलं, रोखे विकले जाईनात, तर फंडाला पैसे परत देण्यावर मर्यादा घालता येते, पण कोणत्याही ९० दिवसांत जास्तीत जास्त १० कामकाजाचे दिवस. २ लाखांपर्यंतच्या मागणीवर ही मर्यादा लागत नाही. मागणी त्याहून मोठी असेल तर पहिले २ लाख द्यायचे आणि फक्त उरलेल्या रकमेवर निर्बंध.

एका फंड कंपनीच्या मजकुरात याचं झालं होतं: ‘गुंतवणूकदारास रु. २ लाखांपर्यंतच विमोचन अनुज्ञेय राहील, सदर निर्बंध ९० दिवसांच्या कालावधीत लागू राहील.’ आमच्या सोसायटीतल्या निवृत्त एसटी कंडक्टर काकांना ते वाचून दाखवलं. ‘विमोचन’ म्हणजे पैसे काढून घेणं, पण तो शब्द त्यांनी सोडूनच दिला आणि म्हणाले, “म्हणजे तीन महिने पैसे अडकणार, आणि मिळाले तरी दोनच लाख.” दोन्ही गोष्टी चूक. काकांची समज व्यवस्थित होती, वाक्यच तसं सांगत होतं. अनुवादकाला विचारलं तर उत्तर आलं, “इंग्रजीतले सगळे शब्द घेतलेत.” घेतले होते खरे, पण ‘पर्यंत’ला ‘च’ चिकटला आणि १० दिवस गळाले.

मी असं कलम तोडून लिहिते. निर्बंध कधी लागू शकतो, हे पहिल्या वाक्यात. किती दिवस, हे दुसऱ्यात. कोणत्या रकमेला लागत नाही, हे तिसऱ्यात. मग कंपनीच्या कायदा विभागाची लेखी संमती घेऊन उदाहरण टाकते: तुम्ही ५ लाख मागितले, तर २ लाखांवर निर्बंध नाही, उरलेले ३ लाख थांबू शकतात. संमतीशिवाय स्वतःचं उदाहरण घुसवू नका; तो करारासारखा कागद आहे.

याच कलमाशेजारी योजना गुंडाळण्याचं कलम असतं आणि घाईत दोघांनाही ‘पैसे काढण्यावर निर्बंध’ म्हणून मोकळे होतात. ही चूक मला सहनच होत नाही. फ्रँकलिन टेम्पलटनने २३ एप्रिल २०२० रोजी सहा डेट योजना गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या योजनांतून पैसे काढणंच बंद झालं. २ लाखांची सूट नाही, १० दिवसांची हद्द नाही. रोखे विकले जातील आणि वसुली होईल तसे पैसे हप्त्याहप्त्याने आले. ज्याला हा फरक कागदावर दिसला नाही, त्याला धोका सांगितलाच नाही असं मी धरते.

दुसरी चूक व्याजदराच्या जोखमीची. ‘व्याजदरातील चढउतारांमुळे विपरीत परिणाम होऊ शकतो’ हे वाक्य मला प्रत्येक फाईलमध्ये भेटतं. आपला वाचक बँकेतल्या एफडीवर वाढलेला. व्याजदर वाढले म्हणजे चांगलंच, असं त्याला वाटणार. म्हणून दिशा सांगा: व्याजदर वाढले की फंडाकडच्या जुन्या रोख्यांची किंमत उतरते आणि तुमच्या युनिटची किंमतही उतरू शकते. कागदात मॉडिफाइड ड्युरेशन ५ दिलं असेल, तर व्याजदर १ टक्क्याने वाढल्यावर रोख्यांची किंमत साधारण ५ टक्क्यांनी घटते, म्हणजे १ लाखाचे ९५ हजारांच्या आसपास. हेही संमती घेऊनच.

योजनेत जोखीम किती ते दाखवणाऱ्या रिस्कोमीटरच्या सहा पायऱ्या आहेत. ‘मध्यम ते जास्त’ आणि ‘जास्त’ एकाच शब्दात कोंबू नका.

‘होऊ शकतो’ला ‘होईल’ करू नका, ‘क्वचित होऊ शकतो’ही करू नका.

‘इंग्रजी मजकूर ग्राह्य’ ही तळटीप आहे म्हणून मराठी ढिलं ठेवणाऱ्यांना मी दुसरं काम देत नाही.

मजकूर झाला की ज्याने कधी फंड घेतलेला नाही अशा माणसाला तो वाचायला द्या. ‘कळलं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचारा, “तुमचे ५ लाख अडकले, तर किती कधी मिळतील?” उत्तर देताना तो कोणत्या ओळीवर परत गेला ते बघा आणि ती ओळ नव्याने लिहा.