पैसे दिलेल्यालाच तगादा: उधारीच्या एजिंग रिपोर्टमधल्या या चुका टाळा

पाइप-फिटिंगच्या एका होलसेल पेढीचं अकाउंट मी पाहतो. ३० सप्टेंबर २०२५ अखेरचा एजिंग रिपोर्ट काढला, तर ९० दिवसांपुढच्या कप्प्यात सगळ्यात वर एक जुनी पार्टी, १,२०,००० रुपये. मालकांनी लगेच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "शेठ, मे महिन्यातच एनईएफटी केलंय, पासबुक पाठवू का?"

पैसे खरंच आले होते. पावती करताना टॅलीमध्ये बिल न निवडता रक्कम `On Account` टाकली होती. त्यामुळे १२ एप्रिलचं बिल उघडंच राहिलं आणि जमा रक्कम त्याच पार्टीखाली वजा आकड्यात वेगळी पडून राहिली. लेजरची बाकी बरोबर दिसते, म्हणून ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही. रिपोर्ट फोडून बघा: एकाच पार्टीत जुनं बिलही आहे आणि वजा रक्कमही, तर आधी ती पावती उघडून `Agst Ref` निवडा आणि बिलाला लावा. पार्टीने कोणत्या बिलाचे पैसे दिले ते कळवलं नसेल, तर आपल्या मनाने सगळ्यात जुन्या बिलाला लावण्याआधी विचारून घ्या. मधलं एखादं बिल मालाच्या तक्रारीमुळे अडवलेलं असतं, आणि आपण नेमकं तेच बुजवून टाकतो. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोटही अशीच लोंबकळत राहते.

दुसरी गफलत दिवस कुठून मोजायचे याची. टॅलीत एज-वाइज रिपोर्ट काढताना बिलाच्या तारखेपासून की देय तारखेपासून, असं विचारलं जातं आणि बहुतेक जण न वाचता एंटर मारतात. आमच्या एका ठेकेदाराला ६० दिवसांची मुदत आहे. त्याचं २० जुलैचं ४ लाखांचं बिल बिलाच्या तारखेने ७२ दिवसांचं, म्हणजे ६१-९० च्या कप्प्यात. खरी देय तारीख १८ सप्टेंबर, थकून झाले फक्त १२ दिवस. वसुलीसाठी देय तारीखच धरा. मात्र पार्टीच्या लेजरमध्ये उधारीची मुदत भरलेली नसेल तर टॅली बिलाची तारीखच देय तारीख मानतं आणि पर्याय बदलूनही आकडे तेच राहतात. तसं झालं की मुदत तपासा.

एक्सेलमध्ये करत असाल तर A मध्ये देय तारीख, B मध्ये बाकी आणि H1 मध्ये अहवालाची तारीख हाताने टाका. तिथे `TODAY()` नको. नाहीतर सोमवारी छापलेली यादी आणि बुधवारी उघडलेली फाइल जुळत नाही.

```
C2: =MAX(0,$H$1-A2)
D2: =B2*C2
```

दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये 05/09/2025 ही ५ सप्टेंबर आहे की ९ मे, हे एकदा बघाच. `=ISNUMBER(A2)` ला FALSE आलं तर ती तारीखच नाही, नुसता मजकूर आहे.

D म्हणजे रुपये गुणिले थकलेले दिवस. फोनची यादी मी यावरच उतरत्या क्रमाने लावतो. नुसत्या बाकीवर लावली तर वरचा ठेकेदार पहिला येतो. पण एका दुकानदाराचे ९०,००० रुपये १० जुलैला देय होते, ८२ दिवस झाले. त्याचा गुणाकार ७३ लाख ८० हजार, ठेकेदाराचा ४८ लाख. म्हणून फोन आधी दुकानदाराला. एका पार्टीची अनेक बिलं असतील तर प्रत्येक बिलाचा गुणाकार करून मग बेरीज करा. सरासरी दिवस काढू नका. मुदतीतल्या बिलांचे दिवस शून्य, म्हणून ती आपोआप बाहेर राहतात.

हा क्रम आंधळेपणाने मात्र पाळू नका. भांडणातलं बिल खूप जुनं असलं की गुणाकारात वर चढतं, आणि दर आठवड्याला फोन करून तक्रार काही सुटत नाही. अशी बिलं वेगळ्या यादीत घेऊन ज्याने माल विकला त्या सेल्समनकडे द्या. पुढच्या तारखेचा चेक हातात असेल तर त्या तारखेपर्यंत फोन नको.

बिलाची तारीख एका ठिकाणी लागतेच. बिलापासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं, पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. दुकानदाराचं बिल १० जूनचं, म्हणजे १८० दिवस ७ डिसेंबरला भरतात. एवढं एक वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. "कधी देताय" चा आवाज नाही, तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या अकाउंटंटचा फोन आला, बिलाची कॉपी पाठवा म्हणून.