डायरेक्ट मेथडमध्ये भागायचं कितीने?

कॅन्टीन, मेंटेनन्स अशा सर्व्हिस डिपार्टमेंटचा खर्च थेट मशीन शॉप, असेंब्ली अशा प्रॉडक्शन डिपार्टमेंटवर वाटायची पद्धत म्हणजे डायरेक्ट मेथड. समजा, कॅन्टीनचा खर्च 60,000 रुपये, वाटायचा माणसांच्या संख्येवर. मशीन शॉपमध्ये 20 जण, असेंब्लीत 30, मेंटेनन्समध्ये 10. इथे बरेच जण 60 ने भागतात आणि फसतात, कारण डायरेक्ट मेथडमध्ये सर्व्हिस डिपार्टमेंटला दुसऱ्या सर्व्हिसचा खर्च द्यायचाच नसतो, म्हणून मेंटेनन्सची 10 माणसं सोडून 50 ने भागायचं. माणशी 1,200, म्हणजे मशीन शॉपला 24,000 आणि असेंब्लीला 36,000, बेरीज बरोब्बर 60,000. 60 ने भागलं असतं तर 10,000 मेंटेनन्सकडेच अडकले असते, बेरीज जुळत नसेल तर आधी हेच बघा. मेंटेनन्सचा खर्च वाटतानाही कॅन्टीनसाठी केलेले तास असेच वगळायचे. पण मेंटेनन्सवालेच कॅन्टीनचे मोठे गिऱ्हाईक असतील तर ही पद्धत जरा ढोबळच, तिथे एका सर्व्हिसचा खर्च दुसऱ्या सर्व्हिसलाही देणारी स्टेप मेथड बरी.