आयपर्फने नेटवर्कचा खरा वेग मोजताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये ऐन हंगामात काट्याच्या खोलीतला संगणक आणि पन्नासेक मीटरवरच्या ऑफिसातला संगणक यांच्यामधला वेग तपासण्याचे काम माझ्याकडे आले. काट्याच्या नोंदी आणि गाड्यांचे फोटो मिळून १८ जीबीचा बॅकअप ऑफिसात यायला अर्धा तास लागत होता. मुनीमजींचा प्रश्न सरळ होता : "भाऊ, नेट तं चांगलं धावते, मंग हे काऊन रखडते?"

पहिली चूक या प्रश्नातच आहे. मोबाइलवरची किंवा ब्राउझरमधली स्पीड टेस्ट बाहेरच्या इंटरनेट जोडणीचा वेग सांगते. काट्याच्या खोलीतून ऑफिसात जाणाऱ्या तारेशी तिचा संबंध नसतो. मोठी फाइल कॉपी करून वेळ मोजणे हेही पुरेसे नाही, कारण त्या वेळेत दोन्ही बाजूंच्या हार्ड डिस्कचा आणि अँटिव्हायरसचा वाटा मिसळलेला असतो. आयपर्फ हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम डिस्कला हात लावत नाही. एका संगणकाच्या मेमरीतून निघालेली माहिती दुसऱ्याच्या मेमरीत किती वेगाने पोहोचते, एवढेच तो मोजतो, म्हणून तारेबद्दलचा प्रश्न त्यालाच विचारावा.

ऑफिसातल्या विंडोज संगणकावर पहिली आज्ञा देऊन त्याला सर्व्हर केले. काट्याच्या खोलीत तिथल्या संगणकाची तार काढून माझ्या लिनक्स लॅपटॉपला लावली आणि दुसरी आज्ञा दिली.

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.35 -t 30
```

जोडणीच झाली नाही, तर बहुधा ऑफिसच्या बाजूची विंडोज फायरवॉल आड येत असते. तिथे टीसीपी पोर्ट ५२०१ ला परवानगी द्यावी. आमची जोडणी झाली, पण आकडा कधी ३८ तर कधी ६० मेगाबिट असा दर सेकंदाला हेलकावे खात होता. तारेवरचा आकडा इतका हलत नाही. ऑफिसच्या संगणकाला तार आणि वाय-फाय या दोन्ही जोडण्या चालू होत्या, प्रत्येकीचा पत्ता वेगळा होता आणि मला सांगितलेला `192.168.1.35` हा वाय-फायचा निघाला. म्हणजे मी तारेऐवजी हवेतला रस्ता मोजत होतो. आयपर्फच्या सुरुवातीच्या ओळींत `connected to` च्या आधी आणि नंतर दोन्ही बाजूंचे पत्ते छापलेले असतात. ते नेटवर्क कार्डाच्या पत्त्यांशी जुळवून पाहिल्याशिवाय पुढचा एकही आकडा वहीत लिहू नये. मापनापुरते दोन्हीकडचे वाय-फाय बंद करणे सर्वांत सुरक्षित.

तारेच्या पत्त्यावर, म्हणजे `192.168.1.20` वर, आकडा स्थिर आला : ९४.१ मेगाबिट. इथे दुसरी चूक होते. "शंभराच्या जवळ आहे, ठीक आहे" असे म्हणून माणूस उठतो. वास्तविक हा आकडा तारेवरची जोडणी १०० मेगाबिटवर चालू असल्याची खूण आहे. तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक १५३८ बाइटच्या पाकिटात, दोन पाकिटांमधली मोकळी जागाही धरून, खरी माहिती १४४८ बाइट असते. त्यामुळे १०० च्या जोडणीवर सुमारे ९४ आणि गिगाबिट जोडणीवर सुमारे ९४१ ही वरची मर्यादा ठरते. दोन्हीकडे विंडोज असेल, तर ती थोडी वर, ९४९ पर्यंत दिसू शकते. ९४ हा आकडा स्थिर दिसला, तर रस्त्यातला कुठला तरी एक टप्पा १०० वर अडकला आहे असे समजून तो शोधावा.

शोधताना एकाच टोकाकडे पाहणे पुरत नाही. ऑफिसच्या संगणकावर गिगाबिट दिसत होते, पण ती केवळ तो संगणक आणि ऑफिसातला स्विच, म्हणजे सगळ्या तारा एकत्र जोडणारी पेटी, यांच्यातली गोष्ट होती. लॅपटॉपवर तारेच्या कार्डाचे नाव `enp2s0` होते, ते देऊन पाहिले :

```
ethtool enp2s0
```

उत्तरात `Speed: 100Mb/s` असे होते. लॅपटॉपही गिगाबिटचा आणि स्विचही गिगाबिटचा, तेव्हा दोष मधल्या तारेचाच. १०० मेगाबिटला तारेतल्या चारपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी तुटली की अनेक कार्डे गिगाबिटचा प्रयत्न फसल्यावर मुकाट्याने १०० वर उतरतात. सगळे चालू राहते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. खोलीतल्या टोकाचा प्लग काढून उजेडात धरला, तेव्हा तपकिरी जोडीतली एक तार सातव्या पिनपर्यंत पोहोचलेलीच नव्हती. टोक कापून नवा प्लग बसवला आणि `Speed: 1000Mb/s` दिसले.

इथे थांबलो असतो, तर तिसरी चूक झाली असती. दोन्ही दिशा मोजाव्या लागतात, कारण साध्या आज्ञेत माहिती फक्त लॅपटॉपकडून सर्व्हरकडे जाते. उलट दिशेसाठी शेवटी `-R` जोडावे.

```
iperf3 -c 192.168.1.20 -t 30
iperf3 -c 192.168.1.20 -t 30 -R
```

उलट दिशेला ९४० च्या पुढे आकडा आला. पण लॅपटॉपकडून ऑफिसकडे, म्हणजे बॅकअप ज्या दिशेने जातो नेमक्या त्याच दिशेला, तो ६०० च्या आसपास होता आणि `Retr` या रकान्यात दर सेकंदाला शेकड्यांनी आकडे पडत होते. `Retr` म्हणजे हरवल्यामुळे पुन्हा पाठवावी लागलेली पाकिटे. पाठवणारी बाजू लिनक्स असेल तर हा रकाना दिसतो, आणि लॅपटॉप नेण्याचे एक कारण तेच होते. सुरुवातीच्या क्षणी थोडी पाकिटे पुन्हा जाणे स्वाभाविक आहे; तीसही सेकंद तो आकडा पडत राहणे हे दोषाचे लक्षण आहे.

संध्याकाळी जिनिंगच्या मोटारी बंद झाल्यावर तीच आज्ञा दिली, तर आकडा ९४१ आणि `Retr` जवळपास शून्य. ऑफिसच्या बाजूला आमची तार थ्री-फेजच्या केबलला टेपने बांधलेली होती. लांबून आलेला संकेत त्या टोकाला पोहोचेपर्यंत क्षीण झालेला असतो आणि मोटारींचा गोंगाट तिथेच त्याच्यात मिसळतो. म्हणूनच एकाच दिशेला नुकसान होत होते. पाकिटे साध्या स्विचपाशी टाकली जात होती आणि त्या स्विचला आकडे दाखवण्याची सोय नसल्याने `Retr` हाच एकमेव साक्षीदार होता. तार वेगळी काढून वीतभर लांबून नेली आणि त्या टोकाचा प्लगही नव्याने बसवताना जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्या मोटारी चालू असताना, दोन्ही दिशांना ९४१ आले. जिथे मोटारी चालतात, तिथे मापन त्या चालू असतानाच करावे.

दोन गोष्टी थोडक्यात. `-u` लावून यूडीपी चाचणी केली आणि वेग दिला नाही, तर आयपर्फ स्वतःहून एकच मेगाबिट पाठवतो. तो आकडा पाहून घाबरू नये, `-b 900M` असा वेग द्यावा. आणि जुन्या संगणकावर आकडा कमी आला, तर `-P 4` लावून चार प्रवाहांची बेरीज पाहावी. ती एका प्रवाहापेक्षा बरीच जास्त भरली, तर तारेला दोष देण्याआधी संगणकाकडेच पाहावे.

काट्याचा संगणक पुन्हा जोडल्यावर १८ जीबीचा बॅकअप साडेतीन मिनिटांत उतरला. ९४१ च्या हिशेबाने अडीच मिनिटे पुरायला हवी होती. वरचे एक मिनिट जुन्या हार्ड डिस्कचे आहे आणि ते आता तारेच्या खात्यावर लिहिण्याचे कारण उरलेले नाही.