गळकी परफ्यूमची बाटली आली, तर तक्रारीत आधी गळती लिहा

बाटली गळकी आणि आतला परफ्यूम पाणचट, अशा दोन्ही तक्रारी असतील तर पत्राची सुरुवात गळतीपासून करा. गळती फोटोत दिसते. 'वास टिकत नाही' यावर मात्र विक्रेता हमखास म्हणतो की तो त्वचेवर अवलंबून असतो, आणि ते अगदीच खोटं नसतं. म्हणून भेसळीबद्दल डोळ्यांना दिसेल तेच लिहा: द्रव गढूळ आहे का (अत्तराच्या तेलात पाणी जास्त झालं की तो दुधाळ होतो), पातळी किती खाली आहे, बाटलीवरचा आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक जुळतो का. ओलं खोकं टाकू नका.

मजकूर साधारण असा:

"ऑर्डर क्र. ____, दि. ____ रोजी मिळालेली १०० मिलीची बाटली स्प्रेच्या मानेपाशी गळत होती. खोकं आतून ओलं आहे. द्रव गढूळ असून बॅच क्रमांक जुळत नाहीत. फोटो जोडले आहेत. सात दिवसांत बाटली बदलून द्यावी, अन्यथा पूर्ण रक्कम परत करावी. परतीचा खर्च आपण करावा."

'परफ्यूम परत घेत नाही' असं उत्तर आलं, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा उल्लेख करा. सदोष किंवा बनावट माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही आणि तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते. तरीही दाद मिळाली नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर हेच पत्र उपयोगी पडतं.