वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नव्हता: कमिटीला लिहिलेल्या पत्राने काय झालं

आम्ही सातव्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर. सकाळी करंगळीएवढी धार, दुपारी ठीक. नळाच्या जाळ्या साफ केल्या, घरातला कॉक बदलला, कमिटीला तोंडी तीनदा सांगितलं. उत्तर एकच, "टाकी तर भरलेली आहे." डोकं फिरायची वेळ आली.

मग 10 लिटरची बादली आणि घड्याळ घेतलं. दुपारी 3 वाजता बादली दीड मिनिटात भरली, सकाळी 8 वाजता साडेपाच मिनिटांत. त्याच लाइनवर दुसऱ्या मजल्यावर 8 वाजताही एका मिनिटात. आमचा नळ टाकीतल्या पाण्यापेक्षा जेमतेम 4 मीटर खाली, म्हणजे दाब साधारण 0.4 बार. खालचे नळ उघडले की हा दाबही घसरतो, म्हणजे अडथळा सामायिक पाइपात.

पत्र सचिवांच्या नावे लिहिलं. आधी तारीखवार आकडे, मग एकच मागणी: टाकीच्या आउटलेटचा गेट व्हॉल्व्ह खोलून तपासावा. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. (पोच विसरू नका, पत्रं हरवतात.)

प्लंबरने व्हॉल्व्ह खोलला. चाक पूर्ण फिरायचं, पण आतली झडप दांड्यापासून सुटून अर्ध्यावर अडकली होती. त्याजागी पाइपाच्याच मापाचा फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह बसवला. आता सकाळी 8 वाजता बादलीला पावणेदोन मिनिटं.

तुमच्याकडे दुपारीही धार तशीच बारीक असेल, तर उंची कमी पडत असेल किंवा पाइपात कायमचा अडथळा असेल. अडथळा नाही याची खात्री झाली, तर प्रेशर पंप लागेल.